हजेरीपटात गैरहजर, भट्टीवर हजर

दिवाळी झाली की बेटेगाव-बोईसर पट्ट्यातल्या आपल्या पाड्यांवरची बरीच घरं बंद होतात. भात झोडून झालेलं असतं, पाण्याची सोय नाही म्हणून दुसरं पीक नाही. माणसं वसई-भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात. शाळेत गुरुजी पोरांच्या नावापुढे गैरहजेरी मांडतात. मग लोक म्हणतात, आदिवासीला शिक्षणाची आवड नाय. आम्ही म्हणतो, आधी हिशेब बघा.

पोराची शाळा दिवाळीत नाही, पावसाळ्यातच सुटते. घरातलं धान्य संपतं, आजारपण येतं, तेव्हा मुकादम उचल देतो. ती फेडायची विटा थापून. समजा उचल 20,000 रुपये आणि हजार विटांना 800 रुपये दर धरला. नवराबायको दोघं दिवसाला 700 विटा काढतात. दहा वर्षांची पोरगी कच्च्या विटा उलटवते, रचते, धाकट्याला सांभाळते, तेव्हा आईचे हात मोकळे होतात नि विटा 900 होतात. रोजच्या 200 विटा जास्त, म्हणजे 25 दिवसांत 5,000. महिन्याला 4,000 रुपये, चार महिन्यांत 16,000. उचल बहुतेक पोरीनंच फेडली. पण वहीत नाव बापाचं.

म्हणून 14 वर्षांखालच्या पोराला कामाला ठेवणं गुन्हा असूनही शेठ सुटतो. तो म्हणतो, आम्ही ठेवलंच नाय, पोरं आईबापासंगती आलीत. आणि बापही गप्प बसतो, कारण पोरगी शाळेत गेली तर उचल अंगावर राहील नि पुढच्या वर्षी परत तिथंच जावं लागेल.

पोरगी जूनमध्ये परत येते. नाव वरच्या वर्गात गेलेलं असतं, पण तिला मागचंच वाचता येत नाय. मग लाज वाटते, आणि एक दिवस ती शाळेत जायचीच बंद होते.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे भट्टीजवळच्या शाळेनं पोराला घ्यायलाच पाहिजे. दाखला यायला उशीर झाला म्हणून परत पाठवता येत नाय. निघताना गुरुजींकडून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. पण भट्टी शाळेपासून लांब असली, मधे मोठा रस्ता असला, तर कार्ड पिशवीतच राहतं. म्हणून पोरं आजी-आजोबांजवळ गावात ठेवून, शाळेतच हंगामी वसतिगृह चालवून त्यांच्या जेवणाची सोय करणं, ही वाट जास्त खरी आहे. ती सोय सरकारी योजनेत आहे.

पण ती मागायची कधी? घरं बंद झाल्यावर मागून उपयोग नाय. भाऊ-बहिणींनो, दसऱ्याआधी पाड्यापाड्यावर बसून यादी करा: कोण जाणार, पोरं किती, मागे राहणारी म्हातारी माणसं कोण. यादी ग्रामसभेत ठरावासकट मांडा, एक प्रत शाळेत आणि एक पंचायत समितीच्या शिक्षण विभागात द्या, पोच घ्या. आणि उचल घेताना किती घेतली ते आपल्याही वहीत लिहा. ज्या पोरीनं उचल फेडली, तिलाच ती वही वाचता आली पाहिजे.