डब्यात कच्चं सॅलड की शिजवलेली भाजी?



आहाराचा पाठ शिकवताना आपण फळ्यावर सरसकट लिहितो की पोट साफ राहण्यासाठी कच्च्या भाज्या भरपूर खाव्यात. मीही लिहायचे. पण माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलीच्या डब्यामुळे मला ते वाक्य बदलावं लागलं.

ही मुलगी मधल्या सुट्टीनंतर पोट धरून बसायची. शौचाला तीन-चार दिवसांनी एकदा, तेही खडा. म्हणून आईने डब्यातली भाजी बंद करून किसलेला कोबी, गाजराचे तुकडे आणि कांदा द्यायला सुरुवात केली होती. बद्धकोष्ठ आहे ना, मग चोथा वाढवूया, हा त्यांचा विचार. विचार चुकीचा नाही, पण चोथा फक्त कच्च्या भाजीत असतो हा समज चुकीचा आहे. शिजवल्याने भाजीतलं क जीवनसत्त्व बरंच कमी होतं, चोथा मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. बदलतो तो त्याचा कडकपणा. भाजीच्या पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं पेक्टिन उष्णतेने सैल होतं, म्हणून शिजलेलं गाजर बोटाने दाबलं जातं. जे काम दाढांनी करायचं, त्यातलं बरंच काम कुकरने आधीच केलेलं असतं.

आणि दाढांचंच बघा ना. नऊ ते बारा वर्षांच्या काळात मुलांच्या दुधाच्या दाढा हलतात, पडतात. या मुलीची एका बाजूची दाढ हलत होती, त्यामुळे ती गाजर चावायची कमी आणि गिळायची जास्त. शिवाय कच्चं सॅलड फुगीर दिसतं, पण वाटीत भाजी थोडीच असते. पालकाची अख्खी जुडी शिजली की जेमतेम वाटीभर होते. म्हणजे शिजवलेली भाजी खाणारं मूल सहसा जास्तच चोथा खातं.

ज्यांचं आतडं हळवं आहे, त्यांना मोठ्या आतड्यात झालेला थोडासा वायूही दुखतो. त्यात आधीचा मळ अडकलेला असेल तर वरून एकदम खूप चोथा टाकल्यावर पोट आणखी फुगतं. असं पोट असलेल्यांनी सुरुवात शिजवलेल्या भाजीपासूनच करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. दुधी, लाल भोपळा, गाजर, दोडका अशा मऊ भाज्या, तेल-तिखट बेताचं, आणि भाजीचं पाणी न ओतता. सोबत पाणी हवंच, नाहीतर चोथा मऊ राहत नाही.

पण शिजवलं म्हणजे सगळंच सोसतं असंही नाही. कांदा-लसणात फ्रुक्टान नावाचे घटक असतात. ते शिजवूनही नाहीसे होत नाहीत, फक्त पाण्यात उतरतात आणि रश्शात राहतात. त्यामुळे एखाद्याला ‘भाजी’ सोसत नाही असं वाटतं आणि खरा त्रास फोडणीतल्या कांद्याचा असतो. उलट सोललेली काकडी कच्ची असूनही बऱ्याच जणांना सोसते.

त्या मुलीला आधी डॉक्टरांकडे नेलं, ते महत्त्वाचं होतं. त्यांनी मळ मऊ करणारं औषध दिलं. आईने कोबी आणि कच्चा कांदा बंद करून डब्यात भोपळ्याची नाहीतर गाजराची शिजवलेली भाजी सुरू केली. पहिला आठवडा अर्धीच वाटी, मग पूर्ण. न्याहारीनंतर पायाखाली पाट ठेवून दहा मिनिटं शौचाला बसायची सवय लावली, कारण खाल्ल्यावर मोठं आतडं आपणहून हालचाल करतं. मी एक वही करायला सांगितली: काय खाल्लं, पोट दुखलं का, शौच खडा की मऊ. तिसऱ्या आठवड्यात दिवसाआड मऊ शौच व्हायला लागली.

यातलं श्रेय औषधाचं किती आणि भाजीचं किती, हे मी सांगू शकत नाही. पण महिन्याभराने, औषध चालू असतानाच, एका लग्नात तिने कच्च्या कोबीचं सॅलड भरपूर खाल्लं आणि वहीत त्या दिवशी ‘पोट फुगलं’ असं तिच्याच अक्षरात आलं. नंतर उकडलेला कोबी थोडासा देऊन पाहिला, तेव्हा कमी फुगलं, पण फुगलं. म्हणून कोबी सध्या बंदच आहे. जीवनसत्त्वासाठी तिची आई भाजीवर खाताना लिंबू पिळते.

शौचात रक्त, वजन घटणं, उलट्या किंवा रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल तर मात्र वही आणि भाजीचे प्रयोग करत बसू नका, लगेच डॉक्टर गाठा. आणि शिक्षकांनो, वर्गात कुणी तासाला शौचालयाची परवानगी मागितली तर ‘सुट्टीत का नाही गेलास’ असं विचारू नका. दाबून ठेवलेल्या मळातलं पाणी आतडं शोषत राहतं आणि तो आणखी कडक होतो. मग डब्यात कच्चं दिलं काय नि शिजवलेलं दिलं काय, सारखंच.