पाणी ओसरल्यावरचा ताप

२६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या वेधशाळेने २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला. त्या दिवसाच्या आठवणी मुंबईकर अजून सांगतात. ऑगस्टबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. पाणी ओसरलं, लोक कामाला लागले आणि मग शहरातली रुग्णालयं लेप्टोच्या रुग्णांनी भरू लागली. दर पावसाळ्यात हेच लहान प्रमाणात घडतं आणि दर वर्षी तापाचा रुग्ण आधी डेंग्यूची तपासणी करून येतो.

लेप्टोचा जंतू उंदीर-घुशींच्या मूत्रपिंडात वस्ती करतो. उंदराला त्याचं काही होत नाही, पण त्याच्या लघवीवाटे जंतू महिनोन्महिने बाहेर पडत राहतात. गुरं आणि कुत्रीही ते पसरवतात. बिळांत पाणी शिरलं, गटारं तुंबली की हे सगळं रस्त्यावरच्या पाण्यात मिसळतं. ओल्या मातीत जंतू काही आठवडेही तग धरतो. शरीरात शिरायला त्याला मोठी जखम लागत नाही. बोटांच्या बेचक्यांतल्या चिखल्या, टाचेची भेग, खाजवून सोललेली कातडी पुरते. डोळ्यांत किंवा तोंडात पाणी उडालं तरी चालतं.

समजा, कुर्ल्याच्या एका गॅरेजमधला तिशीतला कारागीर गुडघाभर पाण्यातून घरी गेला. पायाला चिखल्या होत्या. साधारण दहाव्या दिवशी त्याला थंडी वाजून ताप आला, डोकं ठणकू लागलं आणि पोटऱ्या इतक्या दुखू लागल्या की जिना उतरवेना. डोळे लाल झाले, पण त्यांत चिपडं नव्हती. पोटऱ्या आणि डोळे या दोन खुणा एकत्र दिसल्या की लेप्टोची शंका घ्यावी. पण पाण्यात चालल्याचं दहा दिवसांनी कोण सांगतो, आणि डॉक्टरही नेहमी विचारतात असं नाही! त्याने मेडिकलमधून अंगदुखीची गोळी घेतली. पाच दिवसांनी ताप उतरला.

बहुतेकांची गोष्ट इथेच संपते. कित्येकांना आपल्याला लेप्टो होऊन गेला हे कळतही नाही. थोड्यांच्या बाबतीत मात्र दोन-तीन दिवसांची ही उसंत फसवी ठरते. आपल्या कारागिराचे डोळे पिवळे झाले. घरच्यांनी कावीळ म्हणून पथ्य सुरू केलं आणि झाडपाल्याच्या औषधाचा पत्ता काढला. रक्त तपासलं तेव्हा बिलिरुबिन भरमसाट वाढलेलं होतं, पण यकृताची एन्झाइम्स जेमतेम वर गेलेली. विषाणूच्या काविळीत ती हजारांत जातात. प्लेटलेट घटल्या होत्या, तशा त्या डेंग्यूतही घटतात. पण डेंग्यूत पांढऱ्या पेशी सहसा कमी होतात, याच्या वाढलेल्या होत्या. आणि एरवी एकच्या आसपास असणारं क्रिएटिनिन पाचवर गेलं होतं.

नातेवाइकांना पटत नाही ते इथे. ‘लघवी तर नीट होतेय, मग किडनी कशी बिघडेल?’ लेप्टोत जंतू आणि त्यातून उठलेली सूज मूत्रपिंडातल्या बारीक नलिकांवर घाव घालतात. त्यामुळे सुरुवातीला लघवीचं प्रमाण बऱ्यापैकी राहतं, पण घाण बाहेर पडत नाही. किडनी बिघडली की पोटॅशियम वाढतं हा आम्हा डॉक्टरांचा नेहमीचा अनुभव. लेप्टोत ते आधी कमीही होतं. पुढे लघवी आटते आणि डायलिसिस लागतं. अंगदुखीच्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या अशा मूत्रपिंडावर आणखी बोजा टाकतात. दिलासा एवढाच की वेळेवर डायलिसिस मिळालं, तर ही मूत्रपिंडं बहुधा काही आठवड्यांत पुन्हा काम करू लागतात. फुप्फुसात रक्तस्राव सुरू झाला, खोकल्यातून रक्त पडलं, तर मात्र फार थोडा वेळ हातात असतो.

अँटिबॉडीची तपासणी पहिल्या पाच-सहा दिवसांत बऱ्याचदा निगेटिव्ह येते. म्हणून तिच्या भरवशावर उपचार थांबवू नयेत. सौम्य आजाराला डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या आणि गंभीर आजाराला पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनची इंजेक्शनं संशयावरच सुरू करायची असतात.

मुळात पुराच्या पाण्यात चालल्यावर ७२ तासांच्या आत पालिकेच्या दवाखान्यात जावं. पायाला जखम नसेल तर प्रौढांना डॉक्सिसायक्लिनचा २०० मिलिग्रॅमचा एकच डोस देतात, जखम असेल तर तो तीन दिवस रोज. गरोदर बाईला आणि आठ वर्षांखालच्या मुलांना हे औषध चालत नाही, त्यांच्यासाठी अ‍ॅझिथ्रोमायसिन असतं. हे स्वतःच्या मनाने घेऊ नका. आणि महिन्याभरात ताप आला तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता पहिल्याच वाक्यात सांगा, ‘मी साचलेल्या पाण्यातून चाललो होतो.’