सर्वानुमते? मोजलं कोणी?

सोसायटीच्या एजीएमचा मिनिट्सचा कागद हातात आला की आपण काय करतो? घडी घालतो आणि फ्रिजच्या वर ठेवतो. सहा महिन्यांनी मेंटेनन्सच्या बिलात 7,000 रुपये जास्त दिसतात, तेव्हा तोच कागद धूळ झटकून शोधला जातो. त्यात एक ओळ सापडते : 'टेरेस वॉटरप्रूफिंगबाबत चर्चा झाली व विषय सर्वानुमते मंजूर करण्यात आला.' संपलं! किती रुपये, कोणी सुचवलं, कोण नाही म्हणालं, काहीच कळत नाही.

माझं ऑफिस पावण्यात आहे. एमआयडीसीच्या या पट्ट्यात कामाला येणारे बरेच जण आसपासच कोपरखैरणे-तुर्भ्याला राहतात, आणि लंचला निम्म्या गप्पा सोसायटीच्याच असतात. तर समजा, अशीच एक 48 फ्लॅट्सची सोसायटी आहे. तिचं इतिवृत्त कसं असायला हवं, ते बघूया.

सुरुवात हजेरीपासून. आदर्श उपविधींनुसार कोरम म्हणजे एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा 20, यातला कमी आकडा. म्हणजे आपल्याकडे 20. सभा दहाची, रविवार सकाळ, हजर 14 जण (बाकीचे अजून चहा घेतायत!). अर्धा तास थांबून सभा तहकूब होते आणि नोटिशीत आधीच लिहिलेलं असेल तर त्याच दिवशी पुन्हा भरते. तहकूब सभेला कोरम लागत नाही, पण विषय मूळ अजेंड्यावरचेच घ्यायचे. इतिवृत्तात दोन्ही वेळा आणि दोन्ही वेळची हजेरी हवी. समजा, दुसऱ्या वेळी 26 जण आले. हा 26 लक्षात ठेवा.

आता मुख्य मुद्दा. प्रत्येक विषयाला स्वतंत्र ठराव हवा, आणि तो असा दिसायला हवा :

विषय क्र. 4 : टेरेसचे वॉटरप्रूफिंग.
ठराव क्र. 4 : सभेपुढे ठेवलेल्या तीन कोटेशन्सपैकी सर्वात कमी रकमेचे, 6,72,000 रुपयांचे कोटेशन मंजूर करण्यात येत आहे. प्रत्येक फ्लॅटमागे 14,000 रुपये, 7,000च्या दोन हप्त्यांत घ्यावेत. ठेकेदाराशी करार करण्याचा अधिकार समितीस देण्यात येत आहे.
सूचक : फ्लॅट 302. अनुमोदक : फ्लॅट 604.
बाजूने 17, विरोधात 6, तटस्थ 3.
निकाल : ठराव बहुमताने मंजूर.

(खऱ्या कागदावर सूचक-अनुमोदकांची नावंही येतात.) यात चर्चेचं रामायण नाही. कोणी आवाज चढवला, कोण उठून गेलं, ते लिहायची गरज नाही. पण ठराव एकटा वाचला तरी कळायला हवा : काय करायचं, किती पैशात, कोणी करायचं. 'वरीलप्रमाणे मंजूर' लिहिलं की दोन वर्षांनी नव्या सेक्रेटरीला 'वर' काय होतं तेच कळत नाही.

आणि बेरीज करा. 17, 6 आणि 3 मिळून 26, म्हणजे हजेरीशी जुळतात. बेरीज 26च्या वर गेली तर कोणीतरी दोनदा हात वर केलाय. एका फ्लॅटला एकच मत; नवरा-बायको दोघंही सभेला आले म्हणून दोन मतं होत नाहीत. बेरीज कमी भरली, तर अधेमधे गेलेल्यांची नोंद राहिली आहे.

आता त्या 'सर्वानुमते'कडे या. सहा जणांनी विरोध केला असेल तर तो शब्द चूक आहे. तिथे 'बहुमताने' हवं. फरक फक्त शब्दाचा नाही. उद्या त्या सहांपैकी कोणी सहकार न्यायालयात गेलं, तर 'तुम्हीच तर संमती दिली होती' असं त्याच कागदावरून त्याला ऐकवलं जाईल. म्हणून विरोध केला असेल तर सभेतच सांगा, 'माझा विरोध नावानिशी नोंदवा.'

अजून एक पळवाट म्हणजे शेवटचा विषय, 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय.' रीतसर नोटीस लागणारा विषय इथे घेता येत नाही. साडेसहा लाखांचं काम इथून मंजूर झालेलं दिसलं, तर मतं कितीही पडोत, प्रश्न विचारा.

कधी विचाराल? मिनिट्सचा मसुदा वाटला गेल्यापासून 15 दिवसांत, सेक्रेटरींना लेखी, पोच घेऊन. त्यानंतर समिती हरकती विचारात घेऊन इतिवृत्त कायम करते. आणि एकदा मंजूर झालेला ठराव रद्द करणारा नवा ठराव सहा महिने तरी आणता येत नाही. तोवर दोन्ही हप्ते तुमच्या खात्यातून गेलेले असतात.

तेव्हा पुढच्या वेळी तो कागद फ्रिजवर ठेवण्याआधी पाच मिनिटं द्या. हजेरीचा आकडा बघा, मतांची बेरीज करा, ठरावातली रक्कम वाचा. बाकीचं रविवारच्या क्रिकेटनंतर वाचलंत तरी चालेल!