डॉलरचे व्याज पावणेपाच, हातात किती?

2023 साल नुकतेच लागले होते. महापालिकेच्या नोकरीतून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालेले आमच्या नात्यातले एक काका एका संध्याकाळी घरी आले. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत छापील कागद. फंडाचे पैसे मिळाले होते. त्यातले 8 लाख 27 हजार त्यांनी वेगळे काढले होते, कारण वर्षअखेर मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशाची रक्कम भरायची होती. एका एजंटाने त्यांना अमेरिकन सरकारचे एक वर्ष मुदतीचे रोखे घ्यायला सुचवले होते. एजंटाचे म्हणणे असे की, अमेरिकन सरकार पैसे बुडवत नाही, व्याज पावणेपाच टक्के, शिवाय रुपया तर घसरतोच. गेल्या वर्षी या रोख्यावर पावणेबारा टक्के सुटले, बँक काय देते?

काकांनी एवढेच विचारले, "हे खरे आहे का?"

खरे होते. म्हणूनच उत्तर द्यायला आम्हाला तो पूर्ण रविवार लागला. वाचक बंधू-भगिनींपैकी कुणाकडे ना कुणाकडे असा कागद येतच असेल, म्हणून तो हिशोब येथे मांडतो.

आधी ते पावणेबारा टक्के पाहू. 2021 च्या डिसेंबरअखेर डॉलरचा भाव सुमारे 74 रुपये 30 पैसे होता. म्हणजे 10,000 डॉलर घ्यायला 7 लाख 43 हजार रुपये लागले असते. त्या वेळी एक वर्षाच्या अमेरिकन सरकारी बिलावर परतावा किती होता? अर्धा टक्कासुद्धा नाही, 0.39 टक्के. वर्षभराने 10,000 चे 10,039 डॉलर झाले. पण त्याच वर्षात डॉलर 82 रुपये 70 पैशांवर गेला. ते 10,039 डॉलर रुपयांत आणले तर हातात 8 लाख 30 हजार 225 आले. नफा 87 हजारांच्या वर, म्हणजे 11.7 टक्के.

आता या नफ्याची फोड करा. अमेरिकन सरकारने दिलेले व्याज अवघे 39 डॉलर, म्हणजे 3,225 रुपये. उरलेले 84 हजार रुपये कोणत्याही सरकारने दिलेले नाहीत. ते रुपयाची किंमत पडली म्हणून आले. एजंटाच्या कागदावर हे दोन्ही पैसे एकाच रकान्यात होते आणि वर मथळा होता "सरकारी रोखा, हमखास". हमी होती ती त्या 3,225 रुपयांची. 84 हजारांची हमी कुणी दिलेलीच नव्हती.

परदेशी रोख्यातला पैसा असा दोनदा बदलतो. आधी डॉलरचे जास्त डॉलर होतात, आणि मग डॉलरचे रुपये होतात. पहिली गोष्ट खरेदीच्या दिवशीच ठरलेली असते. दुसरी ठरते विक्रीच्या दिवशी, आणि त्या दिवसाचा भाव आधी कुणालाच ठाऊक नसतो. हे दोन आकडे नुसते बेरीज करून चालत नाही, त्यांचा गुणाकार करावा लागतो, कारण मिळालेल्या व्याजाचेही रुपये त्याच नव्या भावाने होतात. आकडे लहान असले तर बेरीज आणि गुणाकार यांत फारसा फरक पडत नाही. पण कागदावर पेन्सिलीने करताना सोपा मार्ग हाच की शेवटी किती डॉलर मिळणार ते लिहा आणि त्याला त्या दिवशीच्या भावाने गुणा.

काकांच्या हिशोबाला आम्ही याच रीतीने बसलो. 2022 च्या डिसेंबरअखेर डॉलर 82 रुपये 70 पैसे होता. 8 लाख 27 हजारांचे बरोबर 10,000 डॉलर. परतावा या वेळी 4.73 टक्के, म्हणजे वर्षाने 10,473 डॉलर. इथपर्यंत सगळे पक्के होते. पुढचा भाव माहीत नव्हता, म्हणून आम्ही प्रश्न उलटा केला. काकांनी हेच पैसे मोठ्या सरकारी बँकेत एक वर्षाच्या मुदत ठेवीला लावले तर? त्या वेळी तिथे पावणेसात टक्के मिळत होते. साधे व्याज धरले तरी वर्षाने 8 लाख 82 हजार 822 रुपये. आता या रकमेला 10,473 ने भागा. उत्तर येते 84 रुपये 30 पैसे.

हा आकडा आम्ही मोठ्या अक्षरांत लिहून काकांसमोर ठेवला. वर्षाच्या शेवटी डॉलर 84 रुपये 30 पैशांच्या वर गेला तरच रोखा बँकेपुढे गेला. खाली राहिला तर बँक पुढे. परदेशी रोख्याचा कोणताही कागद हाती आला की आम्ही आधी हा आकडा काढतो. त्यासाठी भविष्य कळावे लागत नाही, भागाकार आला की पुरे. आदल्या वर्षी हाच आकडा 77 रुपये 70 पैशांच्या आसपास होता, कारण तेव्हा बँक सुमारे पाचच टक्के देत होती. डॉलर तो ओलांडून पार पुढे गेला, एवढाच त्या पावणेबारा टक्क्यांचा अर्थ.

मग काकूंनी एक प्रश्न काढला. त्या बचत गटाचे हिशोब बघतात. म्हणाल्या, "डॉलर घेताना आणि विकताना बँक फुकट करते का?" अगदी नेमके बोलल्या. पेपरात छापतात तो बाजाराचा भाव. आपल्याला डॉलर देताना बँक त्याहून महाग देते आणि परत घेताना स्वस्तात घेते. दोन्ही वेळी पन्नास-पन्नास पैशांचा फरक धरून आम्ही पुन्हा मांडले. 8 लाख 27 हजारांत 10,000 नव्हे तर 9,940 डॉलर मिळाले. वर्षाने त्यांचे 10,410 झाले. आता बँकेच्या ठेवीची बरोबरी करायला डॉलर बाजारात 85 रुपये 30 पैशांवर जायला हवा. पन्नास पैसे ऐकायला काहीच वाटत नाहीत, पण ते जाताना एकदा आणि येताना एकदा, तेही पूर्ण मुद्दलावर बसतात. नुसत्या व्याजावर नाही. एजंटाचे कमिशन यात आम्ही धरलेलेच नाही.

काकांना अजून पटत नव्हते. "पण रुपया घसरतोच ना?" ते खरे आहे. 2005 च्या मार्चमध्ये डॉलर 44 रुपयांच्या जरा आत होता, 2025 च्या मार्चमध्ये तो 85 च्या वर होता. वीस वर्षांची सरासरी काढली तर दरवर्षी डॉलर साधारण साडेतीन टक्क्यांच्या आतबाहेर महाग होत गेला. आपल्याकडे महागाई अमेरिकेपेक्षा जास्त राहिली, त्याचाच हा परिणाम. आणि त्याच कारणाने आपल्या बँका व्याजही अमेरिकेपेक्षा जास्त देतात. म्हणजे रुपयाच्या घसरणीची बरीचशी भरपाई बँकेच्या जादा व्याजात आधीच आलेली असते. एजंट घसरण मोजतो आणि हे जादा व्याज मोजायला विसरतो. (रुपयाचा भाव पडला की मजुरीची खरी किंमत कशी पडते, हे बाबासाहेबांनी 1923 सालच्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात दाखवले आहे. घसरणीला आपण सणासारखे मानू नये, ती आपल्याच पगारातून जाते.)

शिवाय सरासरी ही दरवर्षी येत नसते. 2002 च्या अखेरीस डॉलर 48 रुपये होता आणि 2007 च्या अखेरीस 39 रुपये 40 पैसे. पाच वर्षांत रुपया घसरला नाही, वर चढला. त्या वेळी सामान्य माणसाला गुंतवणुकीसाठी बाहेर पैसा नेण्याची मोकळी वाट नव्हती, ती 2004 साली उघडली. त्यामुळे हा हिशोब कागदावरचाच. पण 48 हजार रुपयांचे 1,000 डॉलर पावणेतीन टक्क्यांनी पाच वर्षे वाढवले तर सुमारे 1,145 डॉलर होतात आणि त्यांचे रुपये होतात 45 हजार. पाच वर्षे व्याज खाऊन मुद्दलातच खोट! अमेरिकन सरकारने मात्र दिलेला शब्द पाळला, एक सेंटसुद्धा कमी दिला नाही.

एजंटाच्या कागदावर दहा वर्षे मुदतीचा रोखाही होता. त्याबद्दल थोडेच सांगतो. आपली गरज एका वर्षाची आणि रोखा दहा वर्षांचा, असे झाले की तो मध्येच बाजारात विकावा लागतो. तेव्हा आणखी एक आकडा आपल्या हातात राहत नाही, तो म्हणजे रोख्याची स्वतःची किंमत. नवे रोखे जास्त व्याजाने निघाले की जुन्या कमी व्याजाच्या रोख्याला गिऱ्हाईक भाव पाडून मागते. 2022 साली असेच झाले. दहा वर्षांच्या अमेरिकन रोख्याचा परतावा दीड टक्क्यावरून चारच्या जवळ गेला आणि जुना रोखा धरून बसलेल्याचे डॉलरमध्येच सुमारे सतरा टक्के गेले. डॉलर अकरा टक्क्यांनी महाग झाला, तरी रुपयांत सात-आठ टक्के तोटा उरलाच. ज्या वर्षाचे पावणेबारा टक्के एजंट दाखवत होता, तेच हे वर्ष. त्याने फक्त एक वर्षाचा रोखा दाखवला, दहाचा नाही.

डॉलरचा रोखा कुणाला उपयोगी पडतो, हेही सांगितले पाहिजे. मुलगा परदेशी शिकायला जाणार असेल आणि दोन वर्षांनी फी डॉलरमध्येच भरायची असेल, तर डॉलर रुपयांत परत आणायचाच नाही. मग भाव चढो की पडो, 10,000 चे किती डॉलर झाले एवढेच पाहायचे. काकांना भरायचे होते रुपयांत, तेही ठरलेल्या महिन्यात. प्रवेशाची तारीख काही डॉलरचा भाव चढेपर्यंत थांबणार नव्हती. 2013 च्या ऑगस्टअखेर डॉलर 68 च्या वर गेला होता आणि त्याच वर्षाच्या शेवटी 62 च्या खाली आला होता. चार महिने इकडे-तिकडे झाले तर दहा टक्के जातात.

काकांनी त्या रात्री कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन ठेव केली. 2023 च्या डिसेंबरअखेर डॉलर 83 रुपये 20 पैसे होता. त्या वर्षी रुपया जेमतेम अर्धा टक्का हलला. बाजारभावाने रोख्याचे 8 लाख 71 हजार झाले असते आणि बँकेचा पन्नास पैशांचा फरक धरला तर 8 लाख 61 हजार, म्हणजे हातात चार टक्के. काकांच्या ठेवीचे 8 लाख 82 हजारांच्या वर आले होते. व्याजावरचा कर दोन्हीकडे लागलाच असता, तो आम्ही दोन्हीकडे सोडला आहे.

एजंट मध्यंतरी पुन्हा आला होता म्हणे. काकूंनी त्याला पाणी दिले आणि विचारले, "तुमचा तो बरोबरीचा आकडा किती?" त्याला प्रश्न कळला नाही. काकूंनी वहीचे पान फाडून भागाकार करून दाखवला.