एका दूरध्वनीचे चार रकाने

इयत्ता सहावीच्या प्रवेशाविषयी वाशिमच्या जवाहर नवोदय विद्यालयात पालक दूरध्वनी करतात, तेव्हा पाच-सात मिनिटांत बरीच माहिती कानी पडते. संभाषण संपताच ती पात्रता, शुल्क, तारखा आणि कागदपत्रे अशा चार रकान्यांत उतरवावी. घरातील इतरांना तीच टिपणी उपयोगी पडते.

उदाहरणार्थ, मालेगाव तालुक्यातील एका खेड्यातील मुलगा घेऊ. जन्म १० ऑगस्ट २०१४, तिसरी-चौथी गावच्या शाळेत, पाचवी वाशिम शहरात. प्रवेश २०२६-२७ चा.

पात्रतेच्या रकान्यात प्रथम जन्मतारीख. या सत्रासाठी १ मे २०१४ ते ३१ जुलै २०१६ ही मर्यादा होती. मुलगा तीत बसतो. रहिवास आणि पाचवीची शाळा एकाच जिल्ह्यात हवी. तीही अट पुरी होते. अडचण पुढे येते. ‘तुम्ही ग्रामीणच ना?’ या प्रश्नाला वडील सहज ‘होय’ म्हणतात. परंतु ७५ टक्के ग्रामीण जागांसाठी घराचा पत्ता पाहत नाहीत. तिसरी, चौथी व पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण भागातील शाळेत पूर्ण झालेली असावी लागतात. पाचवी शहरात झाल्याने हा मुलगा शहरी गटात मोडतो. म्हणून टिपणीत ‘ग्रामीण’ एवढेच न लिहिता प्रत्येक इयत्तेपुढे शाळा व गाव लिहावे.

शुल्काच्या रकान्यात ‘मोफत’ हा शब्द अपुरा ठरतो. शिक्षण, निवास व भोजन विनामूल्य असले, तरी नववीपासून विद्यालय विकास निधी दरमहा ६०० रुपये, म्हणजे वर्षाला ७,२०० रुपये, भरावा लागतो. मुली, अनुसूचित जाती-जमाती आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील विद्यार्थ्यांना तो माफ असतो. शासकीय कर्मचाऱ्यांच्या पाल्यांसाठी दर वेगळा असल्याने तो स्वतंत्र विचारावा.

तारखेपुढे दूरध्वनी कोणत्या दिवशी केला हेही नोंदवावे. या प्रवेशासाठी अर्जाची अंतिम तारीख आधी २९ जुलै २०२५ होती. नंतर ती १३ ऑगस्टपर्यंत वाढली. जुलैतील टिपणी पुढे जुनी झाली. मुदतवाढीवर विसंबू नये, navodaya.gov.in वरील सूचना पाहून तारीख पक्की करावी. परीक्षा १३ डिसेंबर २०२५ ला ठरली होती.

कागदपत्रांचे दोन भाग पाडावेत. अर्जावेळी मुख्याध्यापकांनी प्रमाणित केलेला तपशील, छायाचित्र, पालक व विद्यार्थी यांच्या स्वाक्षऱ्या आणि आधार किंवा रहिवासाचा पुरावा लागतो. निवड झाल्यावर जन्मदाखला, रहिवास आणि लागू असल्यास जातीचे व ग्रामीण शिक्षणाचे प्रमाणपत्र द्यावे लागते. इतर मागासवर्गाचे आरक्षण केंद्रीय यादीनुसार असल्याने केवळ राज्याच्या यादीवरचे प्रमाणपत्र पुरत नाही.

शेवटी टिपणी प्रवेश-माहितीपत्रकाशी ताडून पाहावी. दोहोंत फरक आढळल्यास माहितीपत्रक प्रमाण मानावे आणि त्याच मुद्द्यापुरता दुसरा दूरध्वनी करावा.