उत्पन्नच लिहिले नाही, मग बजेट तपासायचे कसे?

‘किराणा ६ हजार, दूध १,८००, पेट्रोल २ हजार, मोबाइल ७००. कुठे कापायचे?’ नांदेडकडच्या शेतकरी घरातून असा कागद पुढे आला, तर त्याला उत्तर नाही. बेरीज १०,५०० रुपये. ती जास्त की कमी, हे उत्पन्नाशिवाय ठरत नाही. तरीही सल्ला देणारे आधी किराण्यालाच हात घालतात.

इथे पगाराची तारीख नसते. सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आसपास येतो, तुरीचा त्यानंतर. समजा, लागवड-काढणीचा खर्च जाऊन वर्षाला १ लाख ४४ हजार उरले, म्हणजे महिन्याला १२ हजार. कागदानुसार दीड हजार शिल्लक दिसते. पण मुलगी ‘नीट’साठी लातूरला असेल, तर खोली आणि मेसचे, समजा, ७ हजार दरमहा ठरलेले. वडील ते परस्पर पाठवतात, म्हणून यादीत नसतात. ते धरले की साडेपाच हजारांची तूट; पेट्रोल पूर्ण बंद केले तरी भरत नाही.

क्लासच्या पुढच्या हप्त्याची रक्कम आणि तारीख लिहिली, तरच सोयाबीन विकताना किती बाजूला ठेवायचे ते सांगता येते. हप्ता जूनमध्ये असेल, तर तेव्हा घरात नवे पीक नसते आणि पेरणीही त्याच महिन्यात असते.