बिर्याणीचा हिशेब: एक आकडा नको, दोन लिहा

मेडिकलपूर्वी वजन उतरवायला सांगितलेला कॅडेट आहाराच्या वहीत ‘चिकन बिर्याणी, १ प्लेट, ५०० कॅलरी’ असे लिहितो. हा आकडा मोबाइलमधल्या ॲपचा. ती प्लेट केवढी, तिच्यात तेल किती, हे ॲपला कुठून कळणार? माझ्या मते असा ठाम आकडा वहीत येऊच नये.

लेबल नसले तरी बिर्याणीचा अंदाज बांधता येतो. सुट्टीत घरी पार्सल आणाल तेव्हा एकदा काट्यावर करून पाहा. भात आणि पीस वेगळे करा. समजा, भाताचा ढीग ३८० ग्रॅम भरला. त्यात कांदा, मसाला आणि तेलही आहे, म्हणून निव्वळ भात ३३० ग्रॅम धरू. शिजलेल्या १०० ग्रॅम भातात साधारण १३० कॅलरी असतात, म्हणजे इथे सुमारे ४३०. कर्बोदके ९० ग्रॅमच्या आसपास, प्रथिने जेमतेम ८.

पीस २०० ग्रॅम. जेवण झाल्यावर हाडे तोला. ती ७० भरली तर पोटात गेलेले मांस १३० ग्रॅम. त्यातून प्रथिने ३३ ग्रॅमच्या आसपास आणि कॅलरी सुमारे २४०. हाडांसकट वजन धरून प्रथिने मोजणारे इथेच फसतात. ‘बिर्याणी म्हणजे प्रोटीन’ म्हणणाऱ्यांनी त्या दोन पिसांकडे आणि भाताच्या ढिगाकडे एकदा नीट पाहावे.

आतापर्यंत झाल्या ६७० कॅलरी. राहिले तेल-तूप, आणि खरी अडचण तिथेच आहे. डब्याच्या तळाशी साचलेले तेल दिसते, पण भाताने आणि तळलेल्या कांद्याने प्यायलेले दिसत नाही. काटाही ते वेगळे सांगत नाही. हॉटेलच्या प्लेटला २० ते ४० ग्रॅम धरावे. एका ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे १८० ते ३६०. एकूण ८५० ते १०३०. कोशिंबीर, सालन, थंड पेय वेगळे.

वहीत असेच लिहा: ‘८५० ते १०३०, प्रथिने ४०’. प्रथिनांचा आकडा बऱ्यापैकी पक्का आहे, कारण तो मांसावर ठरतो. कच्चा आहे तो चरबीचा. वजन उतरवायचे असेल तर वरचा आकडा धरा. पण त्याची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळच्या पीटीला उपाशी उतरू नका. उस्तादांना ते पहिल्या फेरीतच कळते.

पालकांना एक विनंती. घरी बिर्याणी कराल तेव्हा तेल-तूप मोजून घाला. कांदा तळून उरलेले तेल त्यातून वजा करा. किलोभर तांदळाला २०० ग्रॅम लागले आणि आठ प्लेट झाल्या, तर प्लेटला २५ ग्रॅम. तो भात हाताला किती तेलकट लागतो हे मुलाला ठाऊक झाले, की हॉटेलची प्लेट २० च्या जवळ आहे की ४० च्या, हे त्याला ताडता येईल.